गाणं वाय-फायवर, फोन ब्लूटूथवर

पुण्याहून साताऱ्याला निघाले होते. खंबाटकीच्या अलीकडे भावाचा फोन आला. गाडीच्या स्क्रीनवरचं हिरवं बटण दाबलं आणि बोलायला लागले, तर तो दोन वाक्यांतच म्हणाला, "ताई, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय. तुझं ते वायरलेस काढ आणि केबल लाव." पुढच्या ढाब्यावर गाडी थांबवली, केबल लावली, त्याला फोन केला. तो म्हणाला, "अजून तसंच आहे."

केबल बदलून बघितली, तरी तसंच. त्या दिवशी मला हे कोडंच वाटलं. घरी आल्यावर या गोष्टीच्या मुळाशी गेले, तेव्हा कळलं की केबल लावून काही फरक पडणारच नव्हता. माझा फोन अँड्रॉइडचा आहे, आणि अँड्रॉइड ऑटोमध्ये फोनवरचं बोलणं केबलमधून जातच नाही. केबल लावली काय किंवा न लावली काय, ते ब्लूटूथवरूनच जातं.

फोन गाडीच्या स्क्रीनवर घेण्याच्या दोन पद्धती आता घरोघरी माहीत झाल्या आहेत, गूगलचं अँड्रॉइड ऑटो आणि ॲपलचं कारप्ले. दोन्ही आधी केबलवरच चालायचे, वायरलेस नंतर आलं. आता गाडी घेताना शोरूममध्ये "वायरलेस आहे ना?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. पण वायरलेस म्हणजे ब्लूटूथ, अशी बहुतेकांची समजूत असते आणि तिथेच सगळा घोळ सुरू होतो.

तुम्ही गाडी सुरू करता तेव्हा फोन आणि गाडी एकमेकांना ओळखतात ते ब्लूटूथवर. ओळख पटली की गाडी फोनला ब्लूटूथवरूनच स्वतःच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड देते. फोन त्या वाय-फायला जोडला जातो आणि मग नकाशाचं चित्र, गाणी, दिशा सांगणारा आवाज हे सगळं वाय-फायवरून वाहू लागतं. चित्र पाठवायला जेवढी जागा लागते तेवढी ब्लूटूथमध्ये नसतेच. हे वाय-फाय सहसा ५ गिगाहर्ट्झचं असतं, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ब्लूटूथ स्वतः बोलत असतं आणि तिथे दोघांची गर्दी होते.

स्क्रीन स्वतः काही करत नसते, हेही इथेच सांगायला हवं. नकाशा फोनमध्ये तयार होतो, त्याचा व्हिडिओ करून गाडीकडे पाठवला जातो आणि गाडी तो दाखवते. तुम्ही स्क्रीनला बोट लावलं की "अमुक ठिकाणी बोट लागलं" एवढाच निरोप फोनकडे जातो. फोन त्याप्रमाणे नवं चित्र बनवतो, ते दाबून लहान करतो आणि परत पाठवतो. केबलवर ही फेरी इतकी झटपट होते की जाणवत नाही. वायरलेसवर दोन बोटांनी नकाशा मोठा करायला गेलं की तो बोटांच्या किंचित मागून येतो.

आता आवाजाचा दर्जा. केबल लावली की फोन गाणं स्वतः उलगडतो आणि उलगडलेला कच्चा आवाज तसाच गाडीकडे पाठवतो. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी आणि उजवी अशा दोन बाजू. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १५ लाख बिट होतात. केबलला हे ओझं काहीच नाही. वायरलेसवर वाय-फायलाही ते जड नाही, पण बऱ्याच गाड्यांमध्ये हवेतून पाठवण्याआधी आवाज एएसी पद्धतीने पुन्हा एकदा दाबला जातो. म्हणजे गाण्याच्या ॲपनं एकदा दाबलेलं गाणं फोनमध्ये उलगडतं, परत दाबलं जातं आणि गाडीत पुन्हा उलगडतं. कागदावर पाहिलं तर केबल वरचढ आहे, यात शंका नाही.

कानाला ते कळतं का? मी ते घरच्या पार्किंगमध्ये करून पाहिलं. इंजिन बंद, काचा वर, एसी बंद. नुसता तानपुरा लावला. तानपुऱ्याच्या जव्हारीत वरच्या स्वरांची जी बारीक झिलई असते, ती आवाज दाबताना सगळ्यात आधी जाते, म्हणून तो निवडला. केबलवर ती थोडी जास्त मोकळी वाटली, पण भाच्याला डोळे मिटायला लावून मी पद्धत बदलत राहिले तेव्हा त्याचा अंदाज कधी बरोबर, कधी चूक येत होता. हायवेवर चाकांचा, वाऱ्याचा आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकचा आवाज आला की हा फरक शोधूनही सापडत नाही. निव्वळ आवाजासाठी केबल लावावी, असं मला त्यानंतर वाटलेलं नाही. गाडीत मुद्दाम महागडे स्पीकर बसवले असतील आणि गाडी उभी करून ऐकायची सवय असेल, तर गोष्ट वेगळी.

आवाज खरा बिघडतो तो दुसऱ्याच दोन ठिकाणी, आणि बोल मात्र वायरलेसला लागतो. पहिलं ठिकाण म्हणजे गाण्याच्या ॲपची सेटिंग. स्पॉटिफायमध्ये कमीत कमी दर्जा सेकंदाला सुमारे २४ किलोबिटांचा आहे आणि वरच्या दर्जांपैकी एक ३२० किलोबिटांचा. सेटिंग 'Automatic' वर असेल तर घाटात रेंज गेली की ॲप आपोआप खाली उतरतं आणि गाणं भांड्यातून आल्यासारखं वाजू लागतं. तेव्हा केबल लावूनही उपयोग नाही, कारण मुळात फोनकडेच चांगलं गाणं आलेलं नसतं. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर गाणी चांगल्या दर्जात डाउनलोड करून ठेवली, तर कुठल्याही केबलपेक्षा मोठा फरक पडतो.

दुसरं ठिकाण फसवं आहे. कधीकधी वायरलेस जोडणी पूर्ण होतच नाही आणि गाडी गुपचूप साध्या ब्लूटूथवर राहते. गाणं वाजत असतं म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज बहुधा एसबीसी पद्धतीने जातो, सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटांच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि एसबीसी ही एएसीपेक्षा जुनी, ओबडधोबड पद्धत आहे. ओळखायचं कसं? स्क्रीनवर फोनचा नकाशा आणि ॲपची चित्रं दिसत नसतील आणि 'BT Audio' किंवा तसं काही लिहिलेलं असेल, तर तुम्ही वायरलेस कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो ऐकतच नाही आहात.

दर्जाचा फरक कानाला सापडत नाही, उशिराचा मात्र लगेच सापडतो. तो घरच्या घरी पाहण्याची एक सोपी रीत आहे. तुम्हाला पाठ असलेलं, शब्द स्पष्ट असलेलं गाणं लावा आणि मध्येच थांबवा. केबलवर बोट उचलायच्या आत गाणं थांबतं. वायरलेसवर गायक आणखी एखादा शब्द, कधी दोन शब्द म्हणतो आणि मग थांबतो. आता तेच गाणं सुरू करून आवाजाची कळ फिरवा. आवाज त्याच क्षणी कमी होतो, वायरलेस असलं तरी.

या दोन प्रयोगांतून उशीर कुठे राहतो ते उघड होतं. वाय-फायवरून आवाज छोट्या छोट्या पुड्यांमध्ये येतो. एखादी पुडी हवेत हरवली तर ती पुन्हा मागवावी लागते आणि तोपर्यंत वाजवायला काहीतरी हवं. म्हणून गाडी थोडं गाणं आधीच साठवून ठेवते. आपण दुधाची एक पिशवी फ्रीजमध्ये जास्तीची ठेवतो ना, तसाच हा साठा. तुम्ही 'थांब' म्हणता तेव्हा फोन थांबतो, पण साठ्यातलं संपायला वेळ लागतो. आवाजाची कळ मात्र साठ्याच्या पलीकडे, गाडीच्या ॲम्प्लिफायरपाशी आहे, म्हणून ती लगेच ऐकते. हा उशीर म्हणजे बिघाड नव्हे. तो कमी केला तर प्रत्येक हरवलेल्या पुडीला गाणं तुटेल.

मग दिशा सांगणारी बाई उशिरा बोलली म्हणून वळण चुकेल का? अनेक जण हे कारण सांगतात. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. उशीर अर्धा सेकंद धरला तर ११ मीटर, म्हणजे अडीच गाड्यांची लांबी. सूचना शेकडो मीटर आधीपासून मिळत असते, त्यात ११ मीटर काहीच नाहीत. शिवाय सूचनांचा आवाज गाण्यापासून वेगळा पाठवला जातो आणि त्याला गाण्याएवढा मोठा साठा लागत नाही. चांदणी चौकातल्या एकापाठोपाठ एक फुटणाऱ्या रस्त्यांवर आपण चुकतो ते जीपीएसमुळे, कारण वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांतला फरक त्याला चटकन कळत नाही. केबलनं तो दोष जात नाही.

उशिराचा खरा त्रास होतो दोघांच्या बोलण्यात. गाणं एकाच दिशेनं येतं, साठा कितीही असला तरी चालतं. फोनवर मात्र समोरच्याला उत्तर द्यायचं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीप्रमाणे तोंडातून कानापर्यंत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना खटकत नाही, आणि ४०० च्या वर तो जाऊ देऊ नये. यातला बराच वाटा मोबाइलचं नेटवर्कच खाऊन टाकतं. गाडीनं वर थोडीशी भर घातली तरी दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात आणि "हां, तू बोल", "नाही, तू बोल" सुरू होतं.

अँड्रॉइडनं इथे वेगळी वाट ठेवली आहे. फोनवरचं बोलणं वाय-फायवर टाकलेलंच नाही, ते ब्लूटूथच्या हँड्स-फ्री वाटेनं जातं. ही वाट फक्त बोलण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यात साठा फार लहान असतो, त्यामुळे उशीर थोडा. म्हणूनच केबल लावली असतानाही अँड्रॉइड ऑटो ब्लूटूथ चालू ठेवायला लावतं. ही वाट जुन्या गाडीत असेल तर सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि आवाज लँडलाइनसारखा नाकातून येतो. नव्या गाड्यांत १६,००० नमुने घेतले जातात आणि 'स' व 'श' यांतला फरक नीट कळतो. यातलं काय मिळणार ते गाडी आणि फोन दोघं मिळून ठरवतात.

आयफोनचं तसं नाही. कारप्ले केबलवर असेल तर बोलणं केबलमधून जातं, वायरलेस असेल तर वाय-फायवरून, आणि गाडीशी असलेलं नेहमीचं ब्लूटूथ बाजूला होतं. म्हणजे "फोनवर बोलण्यासाठी केबल लावू का?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातातल्या फोनवर अवलंबून आहे. आयफोन असेल तर केबलनं फरक पडू शकतो. अँड्रॉइड असेल तर पडत नाही.

आमच्या घरात दोन्ही आहेत. वहिनीकडे आयफोन आहे. साताऱ्याच्या त्या प्रसंगानंतर एका रविवारी आम्ही गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात उभी केली, भावाला वर गॅलरीत पाठवलं आणि एकेक करून फोन लावले. वहिनीचा वायरलेसवर लावला तेव्हा दोघांची बोलणी मधून मधून एकमेकांवर आदळत होती. केबल लावली आणि ती आदळआपट जवळजवळ गेली. माझ्या फोनला केबल असताना आणि नसताना भावाला काहीच फरक कळला नाही.

मग त्याला ऐकू येणारा त्याचाच आवाज कुठून येत होता? प्रतिध्वनीच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. तो ज्याला ऐकू येतो, दोष त्याच्या समोरच्याकडे असतो. भावाचा आवाज माझ्या गाडीच्या स्पीकरमधून बाहेर पडत होता, छताजवळच्या माइकमध्ये शिरत होता आणि त्याच्याकडे परत जात होता. हे थांबवायचं काम गाडीच करते. स्पीकरला काय पाठवलं आहे ते तिला ठाऊक असतं, म्हणून माइकमध्ये आलेल्या आवाजातून ती तेवढा भाग वजा करते. पण ढाब्याजवळ वाहनांचा गोंगाट होता म्हणून मी आवाज खूप वाढवला होता. इतका की दारातला स्पीकर थरथरत होता. थरथरलेला आवाज आणि पाठवलेला आवाज सारखे राहत नाहीत, मग वजाबाकी पुरी होत नाही आणि उरलेलं परत जातं. उशीर जितका जास्त, तितका हा उरलेला आवाज समोरच्याला जास्त टोचतो.

रविवारी भाऊ गॅलरीतून बोलत होता तेव्हा मी कळ हळूहळू मागे फिरवत गेले. एका ठिकाणी तो म्हणाला, "गेला." पुन्हा थोडी पुढे केली, पुन्हा आला. हा प्रयोग करायला पाच मिनिटं पुरतात आणि दोष कुठे आहे ते त्यातून कळतं. आवाज कमी करून प्रतिध्वनी जात असेल तर केबलवर पैसे घालू नका. त्यानंतरही राहिला, तर एसीची झोत मारणारी जाळी माइकच्या दिशेला वळलेली नाही ना आणि माइकच्या बारीक छिद्रांवर कव्हर किंवा सनग्लासची क्लिप आलेली नाही ना, ते पाहा.

ज्यांच्या गाडीत फक्त केबलची सोय आहे ते अलीकडे डोंगल घेतात, गाडीच्या यूएसबीत लावायची छोटी डबी. गाडीला वाटतं केबलनं फोन जोडला आहे, पण डबी फोनशी वाय-फायवर बोलत असते. अँड्रॉइडमध्ये बोलणं तरीही फोनवरून थेट गाडीच्या ब्लूटूथवर जातं, डबी त्यात पडत नाही. डोंगल लावल्यावर फोन वाजतो पण गाडीतून आवाज येत नाही, अशी अडचण आली तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये डबीचं नाव नव्हे, गाडीचं नाव उघडा आणि 'Phone calls' किंवा 'Calls' चालू आहे का ते बघा. आयफोनमध्ये मात्र बोलणंही डबीतून जातं. वाटेत आणखी एक टप्पा वाढतो, म्हणून डोंगलवर उशिराची तक्रार करणारे आयफोनवाले जास्त भेटतात.

वायरलेसमध्ये फोन आपोआप जोडला जातो, हीच त्याची मोठी सोय आणि बोलण्याच्या बाबतीत मोठी अडचणही. वहिनी एकदा डॉक्टरांशी फोनवर बोलत पार्किंगपर्यंत आली. भावानं गाडी आधीच सुरू केली होती. ती दार उघडते तोच तिच्या तपासणीच्या रिपोर्टबद्दलचं बोलणं गाडीच्या चारही स्पीकरमधून बाहेर आलं, मागे मुलं बसलेली. केबल असती तर ती लावल्याशिवाय कारप्ले सुरू झालं नसतं. तेव्हापासून ती गाडीत बसण्याआधी कॉल चालू असेल तर फोनच्या स्क्रीनवरचं आवाजाचं बटण दाबून 'iPhone' निवडते. उलटही होतं. कॉल चालू असताना उतरून दुकानात गेलं आणि गाडी चालूच असली, तर बोलणं गाडीतच राहतं आणि आपण कानाला मुका फोन लावून "हॅलो, हॅलो" करत राहतो. तेव्हाही हेच बटण कामी येतं.

जोडणी मध्येच तुटते तेव्हा दोष कुठे शोधायचा, हे ती कधी तुटते त्यावरून कळतं. खड्ड्यात आदळल्यावर किंवा फोन उचलल्यावर तुटली तर केबल किंवा फोनचं छिद्र. फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात खिशातला कापूस साचतो आणि केबल पूर्ण बसत नाही. लाकडी टूथपिकनं तो हलकेच काढता येतो, सुई घालू नका. केबल शक्यतो एका मीटरपेक्षा आखूड घ्या आणि ती डेटा नेणारी आहे याची खात्री करा, कारण काही स्वस्त केबल फक्त चार्ज करतात. ठरावीक जागी, गर्दीच्या सिग्नलला किंवा वाहनांच्या रांगेत तुटत असेल तर वाय-फाय, कारण आजूबाजूच्या अनेक गाड्या त्याच मोजक्या चॅनेलवर बोलत असतात. टोलनाक्यावर तुटलं की लोक फास्टॅगला दोष देतात, पण फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, वाय-फायच्या पट्ट्यापासून तो फार दूर आहे. तिथे गाड्यांची दाटी असते, तेच पाहायला हवं. घराखालून निघतानाच तुटलं तर फोन घरच्या वाय-फायकडे ओढला जातो आहे. मागच्या सीटवरच्या मुलांसाठी त्याच फोनचा हॉटस्पॉट चालू केला असेल, तर तेही कारण असू शकतं.

आणि उन्हाळ्यात दुपारी, तासाभरानं तुटलं तर फोनला हात लावून पाहा. वायरलेसवर फोन सतत चित्र बनवतो, दाबतो, हवेतून पाठवतो. त्यातच तो वायरलेस चार्जिंगच्या पाटावर ठेवलेला असला आणि वरून काचेतून ऊन पडत असलं, तर तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी काम कमी करतो. आधी चार्जिंग थांबतं, मग नकाशा अडखळतो. फोन एसीच्या जाळीपाशी धरला आणि केबल लावली, तर तो बऱ्याचदा काही मिनिटांत सावरतो.

आमच्या गाडीत आता वहिनीच्या फोनची आखूड केबल पुढच्या कप्प्यात असते. लांबच्या प्रवासात तिला ऑफिसशी बोलायचं असलं की ती लावते, गावातल्या गावात लावत नाही. माझी केबल मी एप्रिल-मेमध्ये काढते. परवा साताऱ्याला जाताना भावाचा फोन खंबाटकीपाशी आला, तेव्हा उचलण्याआधी मी फक्त आवाजाची कळ दोन बोटं मागे घेतली.